निपाणीचं डोमिसाईल, कोल्हापूरचं कॉलेज आणि एक बोनाफाईड

आमचं घर निपाणीत. घरात मराठी, पेपरही मराठी, पण आधारवर पत्ता कर्नाटकचा आणि बारावी कर्नाटकच्या पीयूसीची. बी.एस्सी.ला मात्र प्रवेश घेतला कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात. सीमाभागातल्या निम्म्या पोरांचं हेच असतं, त्यात नवल काही नाही. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की मग या दोन राज्यांमधलं अंतर कळायला लागतं. महाडीबीटीवरच्या बहुतेक योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत, त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणी जो फॉर्म भरत होत्या तो माझ्या कामाचा नव्हता. माझ्यासाठी होती केंद्राची योजना, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असलेल्यांना आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्यांना पदवीची तीन वर्षं दरसाल 12,000 रुपये मिळतात. दुसरी कुठली शिष्यवृत्ती चालू असली तर ही मिळत नाही.

या पोर्टलवर एक अट आहे जी माझ्या मैत्रिणींपैकी कुणालाच लागू नव्हती. विद्यार्थ्याचं रहिवासाचं राज्य एक आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर कॉलेजचं बोनाफाईड लागतं. म्हणून मी विद्यार्थी विभागाच्या खिडकीशी गेले.

खिडकीतल्या सरांनी मान वर न करताच विचारलं, "महाडीबीटी का?"

"नाही सर, केंद्राची. एनएसपी."

"त्याला बोनाफाईड लागत न्हाई. सगळी आपली पोरं भरतात की."

"सर, माझं डोमिसाईल कर्नाटकचं आहे."

"मग आधी बोलायचं की! अर्ज दे, उद्या ये."

अर्ज म्हणजे काय, तर झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा छापील कागद. 'मला बोनाफाईड सर्टिफिकेटची आवश्यकता आहे, तरी ते मिळावे ही विनंती.' वर नाव, खाली सही. तसाच दिला आणि दुसऱ्या दिवशी बोनाफाईड मिळालंसुद्धा. कॉलेजचा छापील नमुना, रिकाम्या जागा पेनने भरलेल्या. वर्ग एफ.वाय., वर्ष, जन्मतारीख, आणि कारणाच्या जागी 'बस पास'. ऑगस्टमध्ये त्या खिडकीवर येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना पासच हवा असतो, त्यामुळे हात आपोआप तेच लिहितो. सरांना दाखवलं तर म्हणाले, "अर्जात तू कारण लिहिलंयस कुठं?" बरोबर होतं, त्या छापील अर्जात कारणाला जागाच नव्हती.

कारण खोडून 'शिष्यवृत्ती' लिहून द्यायला ते तयार होते. पण खाडाखोडीचं बोनाफाईड पोर्टलवर चढवायचं मला जमेना, आणि तेवढ्यात आमच्या शिष्यवृत्तीच्या नोडल ऑफिसर मॅडम तिथे आल्या. कॉलेजतर्फे पोर्टलवर पहिली पडताळणी त्याच करतात. त्यांनी कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. त्यांची नजर कुठे कुठे थांबली ते मी बघत होते. नावावर, मग वर्गावर, मग शिक्क्यावर.

"हे नाव असं का?" त्यांनी विचारलं.

कॉलेजच्या रजिस्टरला आडनाव आधी असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पोर्टलवर मात्र नोंदणी आधारवरून होते आणि माझ्या आधारवर आधी माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. माणसाला कळतं की ही एकच मुलगी आहे. पण पुढच्या पातळीवर जो तपासणार तो मला ओळखत नाही, तो दोन कागद शेजारी ठेवणार. मॅडम म्हणाल्या, "रजिस्टरचं नाव मी बदलू शकत नाही. पण बोनाफाईडमध्ये 'आधारनुसार नाव' म्हणून दुसरी ओळ घालता येईल. आणि या नमुन्यावर कोर्स किती वर्षांचा, रेग्युलर की बाहेरून, प्रवेश कधी घेतला, काहीच नाही. हे पासाला चालतं. तू लेटरहेडवर टाईप केलेलं माग."

मागायचं म्हणजे परत अर्ज. या वेळी मी झेरॉक्सवाल्याचा कागद घेतला नाही. ऑफिसमध्ये दाखला बनवणारा माणूस अर्ज समोर ठेवून टाईप करतो, जे अर्जात नाही ते दाखल्यात उतरत नाही. म्हणून दाखल्यात जे जे हवं ते सगळं अर्जातच लिहिलं. मजकूर असा:

प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचे नाव), कोल्हापूर

विषय : राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील केंद्रीय शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,
मी आपल्या महाविद्यालयात चालू शैक्षणिक वर्षात बी.एस्सी. भाग 1 या वर्गात नियमित विद्यार्थिनी म्हणून शिकत आहे. माझा प्रवेश दि. ….. रोजी झाला असून फी पावती क्रमांक ….. आहे. माझे वास्तव्य कर्नाटक राज्यात असल्याने वरील शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे. तरी प्रमाणपत्रात पुढील बाबी नमूद करून ते लेटरहेडवर, फोटोसह मिळावे, ही विनंती : रजिस्टरनुसार व आधारनुसार नाव, जन्मतारीख, वर्ग व शैक्षणिक वर्ष, अभ्यासक्रमाचा कालावधी, नियमित प्रवेश असल्याचा उल्लेख, महाविद्यालयाचा आयशे कोड आणि प्रमाणपत्राचे कारण.

सोबत : फी पावती, आधार कार्ड व बारावी गुणपत्रक यांच्या छायाप्रती, दोन फोटो.

आपली विश्वासू,

खाली सही, नाव आणि मोबाईल नंबर.

फी पावतीचा क्रमांक का, रोल नंबर का नाही? पहिल्या वर्षाच्या पोरांचे रोल नंबर सुरुवातीचे काही आठवडे बदलत असतात, तुकड्या हलतात, विद्यापीठाचा पीआरएन तर अजून आलेलाच नसतो. जनरल रजिस्टरला नोंद व्हायचीही बाकी असते. त्या काळात तुम्ही या कॉलेजचे आहात याचा ऑफिसकडे एकच पक्का पुरावा असतो, तो म्हणजे पावती. आयशे कोड म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात कॉलेजला मिळालेला क्रमांक, पोर्टलवर कॉलेज त्यावरून ओळखलं जातं. सारख्या नावाची कॉलेजं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे हा आकडा दाखल्यावर असलेला बरा.

आवक खिडकीत अर्ज दिला, माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. हा शिक्का घ्याच. पुढे 'तुझा अर्ज कुठाय' असं कुणी विचारलं की नंबर सांगता येतो.

आणि मग काम अडलं, तेही मला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं अशा ठिकाणी. विद्यार्थी विभागातल्या सरांनी माझी फाईल काढली आणि म्हणाले, "तुझा प्रवेश प्रोव्हिजनल आहे. दुसऱ्या बोर्डाची आहेस. पात्रता यायची आहे. बोनाफाईड कसं देऊ?"

दुसऱ्या राज्याच्या बोर्डातून आलेल्या विद्यार्थ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि विद्यापीठाकडून पात्रता मंजूर व्हावी लागते. ती येईपर्यंत प्रवेश तात्पुरता. माझं मायग्रेशन कॉलेजात जमा होतं, पात्रतेचा फॉर्म फीसकट भरलेला होता, पण विद्यापीठाची मंजुरी यायला वेळ लागतो आणि पोर्टलची शेवटची तारीख काही त्यासाठी थांबणार नव्हती. सरांचीही चूक म्हणता येत नाही. उद्या पात्रता नाकारली गेली तर दाखला कुणी दिला हे त्यांनाच विचारणार. पहिल्या बोनाफाईडच्या वेळी हा प्रश्न का आला नाही, असं मनात आलं, पण तोंडावर आणलं नाही. पासाचं बोनाफाईड कोण फाईल काढून बघतंय!

सरांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण निर्णय त्यांच्या हातात नव्हताच. मी पात्रता फॉर्मची पावती आणि मायग्रेशनची छायाप्रत अर्जाला जोडली आणि प्राचार्यांना भेटायची वेळ मागितली. मॅडमही सोबत आल्या. प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि सरांना बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बोनाफाईड म्हणजे ही मुलगी आज आपल्याकडे शिकते एवढंच आपण सांगतो, ती पात्र आहे असा दाखला आपण देत नाही. ती रोज वर्गात बसते, फी भरली आहे, मग ते लिहून द्यायला हरकत काय? सर म्हणाले, "साहेब, मग तसं एक वाक्य घालतो." आणि घातलंही: 'सदर प्रवेश विद्यापीठाच्या पात्रता मंजुरीच्या अधीन राहून देण्यात आला आहे.'

मला हे वाक्य नको होतं, खरं सांगायचं तर. दाखल्यावर असली अट दिसली की तपासणारा अडवेल अशी भीती होती. मॅडमनी समजावलं की पडताळणी करताना त्यांना प्रवेश खरा आहे का, वर्ग आणि नाव जुळतं का हे बघायचं असतं, आणि खरी गोष्ट लपवलेला दाखला नंतर जास्त महागात पडतो. अर्जाच्या कोपऱ्यात प्राचार्यांनी हिरव्या शाईने 'द्यावे' लिहून सही केली. त्या एका शब्दानंतर काम एका दुपारात झालं.

दाखला हातात घेतल्यावर खिडकीपासून न हलता वाचायचा. मी वाचला. जावक क्रमांक आणि तारीख होती. फोटो चिकटवला होता, पण शिक्का नुसता सहीखाली. फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यावा लागतो, नाहीतर फोटो काढून दुसरा लावता येतो. सरांनी काही न बोलता तो मारून दिला. दोन मूळ प्रती मागितल्या, त्याही मिळाल्या.

स्कॅन करताना आणखी एक गंमत. झेरॉक्सवाल्याने सवयीने काळापांढरा स्कॅन काढला आणि निळा गोल शिक्का प्राचार्यांच्या सहीत मिसळून नुसता काळा डाग झाला. कॉलेजचं नाव वाचताच येईना. रंगीत स्कॅन करून घेतला, मग आकार कमी करून पोर्टलवर चढवला. आकार कमी केल्यावर फाईल एकदा उघडून शिक्क्यातली अक्षरं लागतात का बघावी, कारण तपासणाऱ्यापर्यंत कागद जात नाही, तीच फाईल जाते.

मॅडमनी कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज पडताळला आणि तो पुढे गेला. त्या अटीच्या वाक्यावर कुणी बोट ठेवलं नाही. पात्रता नंतर रीतसर आली. दुसरी मूळ प्रत बँकेत कामी आली. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात आणि माझं जुनं खातं जोडलेलं नव्हतं, तेव्हा कोल्हापुरात नवं खातं उघडताना बँकेनेही कॉलेजचा दाखला मागितला. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला निदान 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते, तेव्हा आता लक्ष त्या हजेरीच्या कागदावर आहे. निपाणीहून सकाळची बस चुकली की पहिलं लेक्चर गेलंच.