पनवेल गाडी धरून उलटं मोजलेली सकाळ

फोन खारघरहून होता. सेंट्रल पार्कजवळच्या एका सोसायटीत पक्षाघात झालेल्या एका आजोबांसाठी आमच्याकडून दिवस-रात्र परिचारिका जातात. आठला दिवसपाळी सुरू होते, रात्रीची सिस्टर तेव्हा निघते. आदल्या दिवशी दिवसपाळीच्या, ठाण्यातल्या मानपाड्याहून येणाऱ्या सुनीता सिस्टर पंचवीस मिनिटं उशिरा पोचल्या होत्या. रात्रीच्या सिस्टरना आजोबांना एकटं सोडून निघता येईना, पुढे त्यांची स्वतःची गाडी चुकली. आजोबांचा मुलगा चिडला होता, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "मॅडम, मी रात्री बघितलं, मानपाड्याहून आमच्याकडे पन्नास मिनिटं दाखवतंय. सहाला निघाल्या तरी सातला पोचायला हव्यात."

त्याने बघितलेला आकडा खोटा नव्हता. रात्री अकराला, चारचाकीने, रिकाम्या रस्त्यावरून तेवढाच वेळ लागतो. पण सिस्टरकडे चारचाकी नाही.

आमच्या ठाण्यातल्या ऑफिसात ड्युट्या लावायचं काम माझ्याकडे आहे. ही ड्युटी मी रजेवर असताना लागली होती. लावणाऱ्या सहकाऱ्याने निदान अॅपमध्ये बस-रेल्वेचा पर्याय तरी निवडला होता. त्यात उत्तर आलं दीड तासाच्या जरा वर: घरातून ६.१० ला निघा, मानपाड्याला बस, ठाण्याहून ६.४० ची पनवेल गाडी, बेलापूरला मेट्रो, पावणेआठला पोचा. (वेळा इथे गोल करून लिहिते आहे, वेळापत्रक बदलत असतं.) कागदावर पंधरा मिनिटं हातात होती. मग चाळीस मिनिटं गेली कुठे?

मी सिस्टरना म्हटलं, उद्या मीही येते तुमच्याबरोबर. "ताई, कशाला पहाटे त्रास," म्हणाल्या, पण मला ते बघायचंच होतं.

पहिली गोष्ट थांब्यावरच कळली. अॅपचा एकूण वेळ बसच्या छापील वेळेशी जुळवून निघण्यापासून मोजलेला असतो. बस त्या मिनिटाला येतेच असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात आम्ही आठ-नऊ मिनिटं उभ्या होतो. नंतर कापूरबावडी-माजिवड्यापर्यंत मेट्रोच्या कामाने आवळलेला रस्ता, त्यामुळे बावीस मिनिटांचे अठ्ठावीस झाले. पहाटे एवढंच, नऊ वाजता हाच पट्टा दुप्पट वेळ खातो.

खरी मेख पुढे होती. टीएमटीची बस सॅटिसवर उतरवते, म्हणजे स्टेशनच्या पश्चिमेला, एक नंबरच्या बाजूला. पनवेल-वाशीच्या गाड्या सुटतात नऊ-दहा नंबरवरून, म्हणजे पूर्वेच्या टोकाला. सगळं स्टेशन पुलावरून ओलांडायचं. मुख्य मार्गाची एखादी लोकल नुकतीच लागलेली असली, की खालून चढणारी गर्दी जिन्याच्या तोंडाशी तुंबते. अॅपने या बदलाला चार मिनिटं दिली होती. सिस्टर रोज चालणाऱ्या, चाल झपझप, तरी सात मिनिटं गेली. मी घड्याळ लावून मोजली.

आणि वर फलकावर 'वाशी'. त्यानंतरची? तीही वाशी. नवी मुंबईच्या बाहेरच्या माणसाला वाटतं, ठाण्याहून गाड्या सारख्याच सुटतात, एक गेली तर दुसरी. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेवाल्यांसाठी ते खरं आहे. पण तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगर, नेरूळमार्गे बेलापूर गाठते. सिस्टरच्या कामाची फक्त दुसरी. दोन पनवेल गाड्यांत वीसेक मिनिटांचं अंतर असेल, तर बदलातली तीन मिनिटं चुकल्याची किंमत तीन नव्हे, वीस मिनिटं. आदल्या दिवशी हेच झालं होतं. "जिन्यावरूनच गाडी हलताना दिसली, ताई."

वाशी गाडीने सानपाड्याला उतरून हार्बरची पनवेल लोकल धरता येते, कधी कधी त्याने वेळ वाचतो. पण बदल एकाने वाढतो, आणि सकाळी तिथे चढायला जागा मिळेलच असं नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत निदान बसायला मिळतं, आणि पुढे बारा तास उभ्याने काम करणाऱ्या बाईसाठी मी ही गोष्ट हिशेबात धरते.

बेलापूर ते खारघर मात्र मी निर्धास्त होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून हा टप्पा रिक्षाच्या हवाली राहिलेला नाही. मेट्रो रस्त्यावरच्या गर्दीत अडकत नाही, त्यामुळे तिचा आकडा जवळजवळ तसाच खरा उतरतो. फक्त फलाटावरचं थांबणं आपण मिळवायचं.

दुपारी ऑफिसात बसून हिशेब केला. प्रत्येक टप्प्याची सगळ्यांत वाईट वेळ धरून बेरीज केली, तर माणसाला पहाटे चारला घरातून काढावं लागेल, आणि सगळंच काही एका दिवशी बिघडत नाही. म्हणून मी साखळीतलं सगळ्यांत विरळ वाहन पकडते. इथे ती पनवेल गाडी. तिच्या आधीचे टप्पे वाईट दिवसाचे धरायचे, तिच्या नंतरचे नेहमीच्या दिवसाचे.

६.४० च्या गाडीने बेलापूर ७.१८. मेट्रो स्थानकापर्यंत चालणं सात मिनिटं, थांबणं सरासरी सहा-सात, प्रवास पंधरा. सेंट्रल पार्क ७.४७. सोसायटीपर्यंत आठ मिनिटं. मग फाटकावर नोंद, लिफ्ट, हात धुणं, दहा मिनिटं, जी कुठल्याच नकाशात नसतात. रुग्णाच्या खाटेशी ८.०५. म्हणजे गाडी न चुकवताही पाच मिनिटं उशीर! ती चुकली की ८.२५, अगदी तक्रारीतला आकडा.

आता आठची वेळ पाळायची तर ६.२० ची गाडी, म्हणजे घरातून ५.२० ला निघणं. पाच मिनिटांसाठी वीस मिनिटांची झोप. मी आजोबांच्या मुलाला फोन केला आणि हा सगळा कागद वाचून दाखवला. पाळी सव्वाआठला बदलूया का, म्हणून विचारलं. रात्रीच्या सिस्टरना त्याने अडचण नव्हती, हे आधी विचारून ठेवलं होतं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, सव्वाआठ चालेल, पण सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ."

त्यासाठी ६.४० ची गाडी मिळालीच पाहिजे. उलटं मोजलं: फलाटावर ६.३५, सॅटिसवर ६.२७, बस ५.५७ ला, थांब्यावर ५.४७, घरातून ५.४०. बस ५.५७ पर्यंत आली नाही, तर रिक्षा करायची आणि पैसे ऑफिस देणार, हे मालकांकडून मंजूर करून घेतलं. महिन्यात दोन-चार वेळा रिक्षा झाली तरी ते रोज वीस मिनिटं आधी निघण्यापेक्षा स्वस्त. ठाणे स्टेशनवर गाडी खरंच हुकली, तर तिथूनच मला फोन. म्हणजे रात्रीच्या सिस्टरना थांबायला सांगायला मला दीड तास मिळतो.

रविवारचं पान वेगळं केलं. गाड्या कमी असतात, आणि मेगाब्लॉक बहुतेक अकरा ते चारच्या दरम्यान असतो, त्यामुळे दुपारी दोनला पाळी बदलणाऱ्या घरांची ड्युटी शनिवारी रेल्वेची घोषणा वाचल्याशिवाय मी पक्की करत नाही. परतीचा हिशेबही वेगळाच निघाला. संध्याकाळी घोडबंदरकडे जाणारी बाजू तुंबते, तिथे सकाळचे आकडे उलटे लावून चालत नाहीत. सुनीता सिस्टर आठवडाभर परत येतानाच्या वेळा मोबाइलवर टिपून पाठवताहेत, त्या हातात आल्या की संध्याकाळचा कागद करायचा आहे.