उंटांच्या गाडीतला कर्ण

स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं की रंगीत दिवे लुकलुकायचे आणि खालच्या फटीतून पुठ्ठ्याचं तिकीट टपकायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आमच्या लोकलच्या ग्रुपमधले एक काका दादरला हटकून ते तिकीट काढत. वजनाकडे ढुंकून बघत नसत, भविष्य मात्र मोठ्याने वाचून दाखवत. एकदा गाडी माटुंग्याजवळ रखडली होती, तेव्हा त्यांनी विचारलं, “कर्णाचं काय एवढं कौतुक करता? दोन दोन शाप डोक्यावर. ऐन वेळी अस्त्र विसरणार, रथाचं चाक जमीन गिळणार. हरणारच होता की तो!”

हरणार होता, खरंच. आणि गंमत म्हणजे हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कर्ण म्हटला की आपल्याला चाक आणि कवचकुंडलं आठवतात. मला मात्र उद्योगपर्वातला तो प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. शिष्टाई फसल्यावर कृष्ण परत निघताना कर्णाला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस. चल माझ्याबरोबर, पाचही भाऊ तुझे पाय धरतील, राज्य तुझं. कर्णाला यातलं काहीच नवीन नसतं. आपला जन्म त्याला ठाऊक असतो. तो राधेची आठवण काढतो, मला बघताच तिला पान्हा फुटला म्हणतो, सूतकुळातल्या बायका, मुलं, नातवंडं सांगतो, दुर्योधनाच्या जिवावर तेरा वर्षं राज्य भोगलं तेही सांगतो. आणि नाही म्हणतो.

मग तो आपलं स्वप्न सांगतो. युधिष्ठिर हाडांच्या ढिगावर चढून सोन्याच्या पात्रातून तुपाची खीर खातो आहे. कौरवांच्या बाजूला अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा या तिघांच्याच डोक्यांवर पांढरी पागोटी आहेत, बाकी सगळ्यांची लाल. युद्धानंतर त्या बाजूचे हेच तिघे उरतात, म्हणजे स्वप्नाचा हिशेब चोख आहे. भीष्म, द्रोण आणि स्वतः कर्ण उंट जुंपलेल्या गाडीत बसून दक्षिणेकडे चाललेत. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. स्वतःचं मरण इतकं तपशीलवार पाहिलेला माणूस समोर राज्य ठेवलं असताना ‘नको’ म्हणतो.

काकांच्या प्रश्नातली मेख इथे सुटते असं मला वाटतं. कृष्णाचं बोलावणं खोटं नव्हतं. कर्ण ‘येतो’ म्हणाला असता तर ती गाडी निघालीच नसती. ते भविष्य खरं ठरायला त्याचा नकार लागतो. ग्रीकांच्या ईडिपसशी ताडून पाहा. बापाला मारशील, आईशी लग्न करशील हे कानावर पडताच तो कॉरिंथपासून दूर पळतो आणि त्या पळण्यातच वाटेवर बापाला गाठतो. त्याला आपण कुठे चाललो आहोत हे कळत नव्हतं. कर्णाला कळत होतं, म्हणून त्याचं पाऊल जास्त जड.

त्याच भेटीत तो कृष्णाला एक विनंतीही करतो. हे युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. पुढचं एवढं दिसत असताना कोणाला काय कळू द्यायचं हे तो स्वतः ठरवतो. नंतर कुंती येते. तिला तो शब्द देतो: अर्जुन सोडून तुझ्या कुठल्याही मुलाला मी मारणार नाही. तुझे पाच ते पाचच राहतील, अर्जुन गेला तर माझ्यासकट, मी गेलो तर अर्जुनासकट.

हा शब्द ना शापात होता, ना स्वप्नात. आणि तो युद्धात पाळावा लागतो. सहदेव, भीम, नकुल, युधिष्ठिर, चौघेही कधी ना कधी त्याच्या हाती सापडतात आणि चौघांनाही तो सोडतो. सोडतो म्हणजे फार उदारपणे नव्हे हं. भीमाला धनुष्याच्या टोकाने टोचून ‘खादाड’ म्हणून हिणवतो. ते हिणवणंही त्याचंच, दैवाने त्याला तसं करायला लावलेलं नव्हतं.

सतराव्या दिवशी जखमी युधिष्ठिर छावणीत परततो, कर्णाने जिवंत सोडलं म्हणूनच. तिथे अर्जुन भेटायला येतो. कर्ण अजून जिवंत कसा, म्हणून युधिष्ठिर त्याच्यावर इतका भडकतो की गांडीव दुसऱ्याला देऊन टाक म्हणतो. अर्जुन तलवारच उपसतो. कृष्ण कशीबशी समजूत घालतो, आणि आज कर्णाला मारल्याशिवाय परतणार नाही अशी प्रतिज्ञा करून अर्जुन बाहेर पडतो. चाक जमिनीत रुततं ते त्याच दिवशी.