१६०० कॅलरी, चार वेळा आणि पोह्यांवरची शेव

मी इंदूरचा, आम्ही टिळक नगरात राहतो, वय ४६, वजन तेव्हा ८४ किलो, उंची १७० सेंटीमीटर, आणि काम दिवसभर खुर्चीत बसून हिशेब लिहायचं. वजन उतरवायला दिवसाला किती कॅलरी खायच्या हा आकडा काढणं मला फार अवघड गेलं नाही कारण शेवटी बेरीज-वजाबाकीच, पण तो आकडा दिवसात कसा वाटायचा यात माझे पहिले तीन आठवडे वाया गेले, म्हणून लिहितोय.

आकडा असा काढला. मिफ्लिन-सेंट ज्योर म्हणून एक फॉर्म्युला आहे, पुरुषांसाठी तो असा:

```
10 × वजन + 6.25 × उंची − 5 × वय + 5
10 × 84 + 6.25 × 170 − 5 × 46 + 5 = 1677.5
```

(बायकांसाठी शेवटी +5 च्या जागी −161 येतं.) हे झालं नुसतं पडून राहिलं तरी लागणारं. माझं बैठं काम, म्हणून १.२ ने गुणलं, आले २०१० च्या आसपास. त्यातून ४०० वजा केले आणि १६०० धरले. हा फॉर्म्युला अंदाजच देतो, शे-दीडशे इकडेतिकडे होऊ शकतात, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी ना.

मग मी काय केलं, तर बजेट करतात तसे टक्के लावले. नाश्ता २५, दुपारचं जेवण ३५, मधलं खाणं १०, रात्र ३०. म्हणजे ४००, ५६०, १६० आणि ४८०. कागदावर इतकं छान दिसत होतं की मी फ्रीजवर चिकटवलं. आई म्हणाली, "हे काय लाइटबिल आहे का?"

पहिली गडबड नाश्त्यातच झाली. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस पोहे असतात, इंदूरमध्ये राहून दुसरं काय होणार. मी वजनकाटा आणलेला, छोटा, पाच किलोपर्यंतचा. बायकोने धुवून निथळत ठेवलेले पोहे मी वाटीत घेऊन मोजले, १२० ग्रॅम भरले, पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी लिहिलेलं, म्हणून ४२० झाले असं लिहून टाकलं. म्हणजे फोडणी पडायच्या आधीच नाश्ता संपला! मग अर्धेच खाल्ले. अकरा वाजता पोटात इतके कावळे ओरडायला लागले की ऑफिसखालच्या ठेल्यावर जाऊन कचोरी हाणली, आणि ती लिहिलीच नाही, कारण लाज वाटली.

चूक कळायला आठवडा लागला. पाकिटावरचा आकडा कोरड्या पोह्यांचा असतो. पाणी पिऊन पोहे दुपटीच्या वर जड होतात आणि पाण्याला कॅलरी नसतात. भात, डाळ यांचंही तेच आहे, कच्च्याचा आकडा कच्च्या वजनाला लावायचा. १२० ग्रॅम भिजलेले म्हणजे कोरडे पन्नास-पंचावन्न, म्हणजे १७५ ते १९०. मी दुपटीहून जास्त मोजत होतो आणि उपाशी राहत होतो.

दुसरी गडबड बरोब्बर उलटी, तिथे मी कमी मोजत होतो. तेल! बायको फोडणीला तेल भांड्यातून धारेने घालते, तिला विचारलं किती घातलंस तर म्हणे, "अहो, नेहमीएवढं." एक दिवस तिला म्हटलं आधी चमच्याने मोजून वाटीत घे आणि मग घाल, तर चौघांच्या पोह्यांना सहा चहाचे चमचे निघाले. एका चमच्यात साधारण ४० कॅलरी, म्हणजे २४०, माणशी ६०, आणि मी लिहीत होतो "तेल थोडं, १५". भाजीत तेच, आमटीत तेच, दिवसभराचं धरलं तर दीडशेच्या आसपास असंच गायब होत होतं. कांदा-टोमॅटो मोजायच्या नादी लागू नका, त्याने काही बिघडत नाही, पण तेल, शेंगदाणे, शेव आणि साखर या चौघांना सोडू नका.

चहा तर मी हिशेबात धरलाच नव्हता. दिवसाला पाच कप, फुल क्रीम दुधाचा, दोन-दोन चमचे साखर. एका कपात ६० मिली दूध म्हणजे ५० आणि साखरेचे ४०, असे नव्वद. पाच कपांचे साडेचारशे! १६०० मधले साडेचारशे चहातच. आता दोन कप आणि एक-एक चमचा साखर, म्हणजे कपाला ७०, आणि तो त्या-त्या वेळच्या खाण्यातच धरतो, वेगळा नाही.

हे सगळं सुधारल्यावरही संध्याकाळी घोळ व्हायचाच आणि तो का होतोय हे मला बरेच दिवस कळलं नाही. मी दुपारी एकला जेवतो, घरी येतो साडेसातला, जेवण सव्वानऊला, कारण आईची मालिका संपल्याशिवाय पानं मांडली जात नाहीत. एक ते सव्वानऊ म्हणजे आठ तासांच्या वर, आणि तेवढ्या मोठ्या खिंडीत मी ठेवले होते १६० कॅलरी, म्हणजे चहा आणि मूठभर चणे. घरात शिरलो की बूट काढायच्या आधी शेवेचा डबा उघडायचा. उभ्याउभ्या दोन मुठी, म्हणजे ५० ग्रॅम तरी, शेव १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास असते म्हणजे पावणेतीनशे झाले. आणि त्यानंतर जेवण पूर्ण!

मग डोक्यात आलं की टक्के लावायचेच चुकीचं आहे, आधी घड्याळ बघायचं. कुठल्या दोन खाण्यांमध्ये किती तास आहेत आणि मी नेमका कधी घसरतो ते बघून वाटणी करायची. एकूण १६०० तेच राहिले तर वजनाला वाटणीने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो १६०० ला टिकून राहण्यात. मग फ्रीजवरचा कागद फाडून नवा लावला: नाश्ता ४००, दुपार ५००, संध्याकाळ ३००, रात्र ४००. संध्याकाळचे ३०० मी ऑफिसातच साडेपाचला खातो, घरी येऊन नाही. चहा ७०, भाजलेले चणे ३० ग्रॅम म्हणजे ११०, एक केळं ९०-१००. साडेसातला घरी आलो तर भूक असते पण डबा उघडायची घाई नसते.

आता नाश्त्याचं उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण माझ्या मते खरी कसरत चौघांच्या कढईतून आपला वाटा काढण्यात आहे, एकट्याचं कोण वेगळं शिजवणार.

नाश्त्याचे ४००, त्यातून चहाचे ७० गेले, उरले ३३०. घरी चौघांना कोरडे पोहे २०० ग्रॅम लागतात, म्हणजे ७००. तेल आता चार चमचे, १६०. शेंगदाणे ४० ग्रॅम पडायचे, म्हणजे २२५ च्या वर. कांदा आणि मटार मिळून सव्वाशे. बेरीज १२१०, माणशी ३०० च्या थोडं वर. यावर १० ग्रॅम शेव ५५ ची, झाले ३५५-६०, म्हणजे माझे पंचवीस-तीस वर जातात.

इथे घरात वाद झाला. आईचे पोहे म्हणजे शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर, ती म्हणते शेव ही दुकानवाल्यांची सवय. मी जन्मापासून इथला, मला पोह्यांवर शेव, जीरावन मसाला आणि कच्चा कांदा नसेल तर ते पोहे वाटतच नाहीत. दोन्ही पाहिजेत तर बजेट बसत नाही. शेवटी तडजोड ही की शेंगदाणे निम्मे, २० ग्रॅम, आणि शेव ज्याची त्याने वरून घ्यायची. आता कढईची बेरीज ७०० + १६० + ११५ + १२५ = ११००.

आता आपला वाटा. रिकाम्या कढईचं वजन एकदा करून ठेवायचं. पोहे झाले की भरलेली कढई काट्यावर (खाली जाड फडकं घाला, मी काट्याचं प्लास्टिक वितळवलंय) आणि त्यातून रिकामी कढई वजा. आमचे तयार पोहे ६५० ग्रॅम भरतात. ११०० भागिले ६५०, ग्रॅमला १.६९. मी १६० ग्रॅम घेतो, म्हणजे २७०. वर शेव १० ग्रॅम, ५५, आणि चहा ७०. एकूण ३९५. बसलं! १० ग्रॅम शेव म्हणजे किती हे पहिल्यांदा काट्यावर बघाच, चिमटीत मावते त्याहून थोडी जास्त, ठेल्यावर आपल्याला घालतात त्याच्या निम्मी पण नाही.

रोज कढई तोलत नाही हां. सामान तेच असेल तर दोन-तीनदा केल्यावर "या वाटीत इथपर्यंत" हे ठरतं. सामान बदललं, बटाटा पडला की परत एकदा तोलायचं.

बाकीची जेवणं सोपी आहेत. डब्यात तीन पोळ्या, ३० ग्रॅम कणकेची एक, बिनतेलाची १०० ची, सुकी भाजी ११० ची, १०० ग्रॅम दही ६०, काकडी. रात्री दोन पोळ्या, ३० ग्रॅम डाळीचं वरण, एक चमचा तेलाची फोडणी आणि थोडी भाजी, झाले ४००. भात रविवारी, एका पोळीच्या बदली ३० ग्रॅम कच्चे तांदूळ.

रविवारी जिलेबी पण येते, ती न आणणं आमच्या घरात शक्य नाही. ५० ग्रॅमला २०० धरतो, आणि ती "जास्तीची" म्हणून लिहीत नाही, वाटणीच बदलतो: नाश्ता ६००, दुपार ४००, संध्याकाळ २००, रात्र ४००. रविवारी घरीच असतो, दुपारी उशिरा जेवतो, त्यामुळे संध्याकाळची खिंड लहान असते आणि २०० पुरतात. ऑफिसच्या दिवशी ही वाटणी करून बघितली होती, सहाला परत कचोरीच्या ठेल्यावर उभा होतो.

बरोबर चाललंय का हे कसं कळायचं, तर रोजच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, खारट खाल्लं की दुसऱ्या दिवशी किलोभर जास्त दिसतं. मी आठवड्याची सरासरी काढतो. रोज ४०० कमी म्हणजे हिशेबाने आठवड्याला साधारण ३५०-४०० ग्रॅम उतरायला हवं. नवीन वाटणीला आठ आठवडे झाले, ८४ चे ८१ आहेत, म्हणजे आकडे खरे आहेत. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर आकडा कमी करायच्या आधी तेलाचा चमचा तपासा. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वाटणी बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा, माझ्या मोठ्या भावाला तेच करायला लावलंय.

एका गोष्टीचा हिशेब मात्र मला अजून जमलेला नाही, थंडीत रात्री सराफा बाजारात मिळणारे गराडू, म्हणजे तळलेला कंद. फोडी मोजता येतात पण तळताना आत किती तेल गेलं ते कोण सांगणार. म्हणून त्या रात्री घरी जेवतच नाही, चारशे पूर्ण तिकडे देऊन टाकतो आणि आईला आधीच सांगून ठेवतो की माझं पान मांडू नकोस.