चौथ्या मजल्यावरचे एकशे एकोणसत्तर ठिपके

आमच्या सोसायटीचं दिवाळी संमेलन भाऊबीजेनंतरच्या शनिवारी असतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सेक्रेटरींचा अहवाल, लहान मुलांची दोन नृत्यं हे सगळं ठरल्यासारखं होतं आणि चांगलंच होतं. माझा जीव मात्र त्यानंतरच्या अर्ध्या तासात गुंतलेला असतो. रांगोळी स्पर्धेत पहिला आलेला माणूस माइकसमोर उभा राहतो आणि आपण रांगोळी कशी काढली ते सांगतो. याला आम्ही मनोगत म्हणतो. गेली दहा वर्षं ही स्पर्धा मी सांभाळते आणि एकही मनोगत मी डोळे न पुसता ऐकलेलं नाही.

पूर्वी परीक्षक दारोदार फिरत. 2020च्या दिवाळीत ते शक्य नव्हतं, म्हणून आम्ही फोटो मागवले. पुढे सगळं सुरळीत झालं तरी फोटो राहिले, कारण बारा वाजेपर्यंत निम्म्या रांगोळ्या कुणाच्या तरी पायाखाली जायच्या. फोटोत सगळ्यांना सारखी संधी मिळते, असं तेव्हा आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं हे 2022च्या दिवाळीत कळलं. त्या वर्षीचं संमेलन मला सगळ्यांत जास्त आठवतं, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

तेवीस फोटो आले होते. सममिती, रंगसंगती आणि काढायला किती अवघड, या तिन्हींना दहा-दहा गुण. पहिल्या फेरीत ए विंगमधल्या नव्या सूनबाईंच्या चार फुटी गालिच्याला एकवीस गुण मिळाले. तो संस्कारभारती पद्धतीचा होता, रंगाच्या गोलावर पाच बोटांनी सोडलेल्या पांढऱ्या रेघांचा. बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या ठिपक्यांच्या कमळाला अठरा मिळाले. आजी मला लहानपणापासून ओळखतात, मी त्यांच्याच हाताखाली रांगोळी शिकले. म्हणूनच मी ठरवलं, की आजींचं नाव काढायच्या आधी दुसऱ्या रांगोळीवर अन्याय झालाय का ते बघायचं.

आणि झालाच होता. गालिच्याला सममितीचे पाचच गुण होते, कारण तो लांबट दिसत होता. एका परीक्षकांनी तर कागदावर ‘अंडाकृती’ असं लिहिलं होतं. फोटो उभ्यानं, थोड्या लांबून काढलेला होता. असा तिरका फोटो काढला की खोली आखडते आणि गोलाचा लंबगोल होतो. खरं काय ते फरशीवरून कळतं. आमच्या मजल्यांवर दोन बाय दोन फुटी चौकोनी फरश्या आहेत. छापलेल्या फोटोत गालिच्याच्या कडेला, मध्याच्या रेषेत असलेली फरशी मोजली तर रुंदी पाच सेंटिमीटर आणि उंची चार भरली. गालिचा रुंदीला दहा आणि उंचीला आठ होता. फरशी जेवढी दबली होती तेवढाच गालिचाही दबला होता, म्हणजे तो गोलच होता. शिवाय दोन फुटांची फरशी पाच सेंटिमीटर आणि गालिचा दहा, म्हणजे चार फुटांचा हिशेबही जुळला. तिरक्या फोटोत आपल्याजवळचा अर्धा भाग पलीकडच्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून पुढची-मागची बाजू ताडायची नसते, डावी-उजवीच ताडायची. तशी ताडल्यावर एक पाकळी थोडी जाड निघाली, बाकी सगळ्या जुळल्या. परीक्षकांनी पाचाचे आठ केले. सूनबाईंचे एकूण चोवीस झाले आणि मला मोकळं वाटलं.

मग आजींचा फोटो हातात घेतला. तो नातवानं स्टुलावर चढून बरोबर वरून काढला होता, त्यामुळे सममितीला नऊ गुण आधीच होते. तरी आम्ही खात्री केली. प्रिंट चित्राची बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडली आणि खिडकीच्या काचेला लावली. उजेडात डाव्या बाजूच्या रेघा उजव्या बाजूच्या रेघांवर येऊन बसल्या. आजींचे ठिपके पंधरा ते आठ, मधले होते, म्हणजे खालच्या ओळीचा प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. अशा ठिपक्यांतून षटकोन तयार होतो आणि त्यात सहा पाकळ्याच नीट बसतात. त्याच वर्षी एकीनं मधल्या ठिपक्यांवर आठ पाकळ्यांचं कमळ बसवायचा प्रयत्न केला होता. त्यातल्या दोन पाकळ्या बारीक झाल्या होत्या. तिचा हात चांगला होता, ठिपके चुकीचे निवडले होते. चार किंवा आठ पाकळ्या हव्या असतील तर ठिपके सरळ घ्यायचे, एकाखाली एक.

रंगसंगतीला आजींना चारच गुण होते. ‘पांढरा व पिवळा वेगळे कळत नाहीत, निळा काळपट’, असा शेरा होता. फोटो लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा, भोवती पणत्या लावलेला. दिसायला फार सुंदर होता, पण पणतीच्या पिवळ्या उजेडात पांढरी रांगोळीही पिवळीच दिसते आणि निळा विझून जातो. त्यात फोनही लाल आणि राणी रंग जास्त भडक करतो. आजींच्या नातवाकडे सकाळचा, गॅलरीतून आलेल्या उजेडातला एक फोटो निघाला. त्यात बाहेरची पाकळी गडद गुलाबी, आतली पांढरी रांगोळी मिसळून फिकी केलेली गुलाबी, मध्ये हळदीसारखा पिवळा आणि पानांना हिरवा होता. निळा फक्त मधल्या ठिपक्याभोवती चिमूटभर होता. दोन रंग एकमेकांना भिडतील तिथे प्रत्येक ठिकाणी पांढरी रेघ होती. परीक्षकांनी चाराचे सात केले. त्या वर्षापासून आमच्या नियमांत एक ओळ आली: फोटो दिवसा, पणत्या लावायच्या आधी, फरशीचे चारही कोपरे दिसतील असा आणि वरून काढायचा.

राहिला अवघडपणा. आजींना पाच गुण होते, कारण ‘ठिपक्यांचा कागद वापरला की सोपं’. यावर मात्र मी गप्प बसू शकले नाही. कागदाचे ठिपके कसे पडतात ते मला ठाऊक आहे. उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद आम्हीही लहानपणी केलाय. त्यावर रांगोळी पसरून हात फिरवला की सगळे ठिपके सारखे आणि चपटे पडतात. कागद रांगोळीपेक्षा लहान असेल तर तो दोनदा ठेवावा लागतो आणि जोडाच्या जागी एक ओळ हमखास जवळ किंवा लांब जाते. आजींच्या फोटोत कडेला, पाकळ्यांच्या बाहेर काही ठिपके न जोडलेले राहिले होते. मोठे करून पाहिल्यावर ते चपटे नव्हते, चिमटीतून सोडलेल्या छोट्या टेकड्या होत्या, कुठे बारीक, कुठे जाड. तिन्ही परीक्षकांनी तो फोटो आळीपाळीनं पाहिला. मग एका परीक्षकांनी षटकोनाच्या कडेला पट्टी लावली. आठही ठिपके पट्टीला लागून होते.

पंधरा ते आठ म्हणजे मधली ओळ पंधराची आणि वर-खाली चौदापासून आठपर्यंत सात-सात ओळी. एकूण एकशे एकोणसत्तर ठिपके. एक ठिपका सरकला तर त्याच्या खालचे दोन सरकतात, त्यांच्या खालचे तीन, आणि शेवटच्या ओळीपर्यंत अख्खी बाजू तिरकी होते. कागदाशिवाय हे करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. पाचाचे नऊ झाले. आजींचे पंचवीस, सूनबाईंचे चोवीस. त्याच फेरीत छापाच्या जाळीनं काढलेल्या एका मोराला सममितीचे दहा आणि अवघडपणाचे दोन मिळाले. ते मला योग्यच वाटलं, कारण त्याच्या रेघांना कुठे सुरुवात नव्हती, कुठे शेवट नव्हता, आणि चिमूट नव्यानं भरल्याचा सांधाही नव्हता.

संमेलनात आजींनी माइक हातात घेतला नाही, नातवानं धरला. त्या म्हणाल्या, “पंधराची ओळ सरळ पडली की निम्मं काम झालं. एका टोकाकडून सुरुवात करू नका गं पोरींनो, हात हळूहळू खाली उतरतो. आठवा ठिपका आधी घाला, बरोबर उंबऱ्याच्या मध्यासमोर. मग दोन्हीकडे सात-सात. अंतर चार बोटांचं, आणि बोटं आपलीच, दुसऱ्याची नाहीत.” मग त्यांनी हवेत चार बोटं टेकवून दाखवली. त्यांच्या चार बोटांचं अंतर साधारण तीन इंच, म्हणून रांगोळी साडेतीन फुटांची. हे गणित मी घरी जाऊन केलं. तेव्हा मी फक्त त्यांचा हात बघत होते. सूनबाई पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होत्या.

हे ऐकायला एकतीस माणसं होती. आमचे बहात्तर फ्लॅट आहेत. बक्षिसं वाटून झाल्यावर कितीतरी जण उठून गेले. सी विंगमधून तर एकच कुटुंब आलं होतं, तेही वड्यांच्या वेळी. याचं मला आजही वाईट वाटतं. आजी परत इतकं बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि त्यांनी उंबऱ्यापाशी फक्त लक्ष्मीची पावलं काढली.

त्या वर्षी ज्यांच्यामुळे सगळं पार पडलं त्यांची नावं त्यांना आवडणार नाहीत म्हणून देत नाही, पण कुणी राहू नये असं फार वाटतं. तेवीस फोटो रंगीत छापून देणारे आणि तीन दुरुस्त प्रिंटचे पैसे न घेणारे कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले. फरशी मोजायला पट्टी घेऊन आलेले ए विंगमधले निवृत्त ड्राफ्ट्समन काका. आपले गुण बदलायला मागेपुढे न पाहणारे तिन्ही परीक्षक. वडे तळणाऱ्या दोघी वहिनी आणि चटणी करणारी तिसरी. खुर्च्या लावणारी बारावीची मुलं. मजल्यांवरच्या सायकली हलवून ठेवणारे वॉचमनकाका. माइक खरखरत होता तो दुरुस्त करणारे तळमजल्यावरचे दादा. स्टुलावर चढलेला नातू.

आणि जिन्याची झाडलोट करणाऱ्या मावशी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर त्या भाऊबीजेपर्यंत रोज रांगोळीच्या कडेनं, केरसुणी उभी धरून झाडत होत्या. शनिवारी सकाळी आजींना विचारून त्यांनी ती रांगोळी हातानं गोळा केली आणि तुळशीच्या कुंडीत टाकली.