मॅडम, फिजिक्स

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळी सात वाजता मोबाइलवर मेसेज आला. 'मॅडम, फिजिक्स.' पुढे काही नाही. पाठवणारा बारावीचा, जूनपासून माझ्या क्लासला येणारा आणि कायम शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा.

पूर्वी अशा मेसेजला माझं उत्तर ठरलेलं असायचं. बोर्डाची सत्तर मार्कांची विभागणी आणि महत्त्वाच्या डेरिव्हेशन्सची यादी पाठवून द्यायची. तिकडून हात जोडलेला इमोजी यायचा आणि विषय संपायचा. त्या यादीने कोणाचं काय भलं झालं, कोण जाणे.

'कुठला धडा?' असं विचारण्यातही अर्थ नसतो, हे आता कळून चुकलंय. उत्तर येतं 'सगळेच'. ते खोटं नसतं, कारण नेमकं कुठे अडलंय ते सांगता आलं असतं तर त्याने एकच शब्द पाठवला नसता. म्हणून आज विचारलं, 'शेवटचं कुठलं गणित अर्धवट सोडून वही मिटलीस? त्या पानाचा फोटो पाठव.'

वीस मिनिटं काही नाही. मग फोटो आला.

गणित अगदी साधं होतं. स्प्रिंगला ०.२ किलोचं वजन टांगलंय, स्प्रिंगचा स्थिरांक ५० न्यूटन प्रति मीटर, आवर्तकाल काढा. त्याने T = 2π√(m/k) हे सूत्र बरोबर लिहिलं होतं, किंमतीही बरोबर घातल्या होत्या. m/k आलं ०.००४. इथपर्यंतच्या पायऱ्यांचे मार्क कोणीही दिले असते. त्याच्या खाली आवर्तकाल १.२५७ सेकंद. यायला हवा होता ०.३९७.

म्हणजे फिजिक्स येत होतं. गडबड शेवटच्या दोन ओळींत होती. तिथे त्याने पेन्सिलीने खाडाखोड करून वर्गमूळ ०.२ लिहिलं होतं.

फोन लावला. 'हे ०.२ कसं आलं, ते मला नुसतं वाचून दाखव.'

'मॅडम, ०.००४ चा लॉग बार तीन पॉइंट सहा शून्य दोन एक. वर्गमूळ म्हणून निम्मं केलं. पॉइंटच्या पुढचं तीन शून्य एक शून्य. तीनचं निम्मं दीड, पण बार दीड असं नसतं ना, म्हणून बार एक घेतला. अँटिलॉग बरोबर दोन आला.' आणि मग जरा चाचरत, 'उत्तर पूर्णांकात आलं म्हणून वाटलं बरोबरच असेल.'

खरं तर बार, म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची ऋणाची रेघ, फक्त त्या तीनवर असतो. ऋण असतो तो तीन, पॉइंटच्या पुढचं .६०२१ धनच राहतं. तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून एक उसना घ्यायचा: बार तीन म्हणजे बार चार अधिक एक. आता निम्मं करा. बार चारचं बार दोन, १.६०२१ चं .८०१०. अँटिलॉग ६.३२४, म्हणजे वर्गमूळ ०.०६३२४. त्याला ६.२८४ ने गुणलं की ०.३९७.

'आणि लॉग टेबलावर विश्वास नसेल तर उत्तराचा वर्ग कर,' म्हटलं. ०.२ चा वर्ग ०.०४. हवा होता ०.००४. दहापट फरक, डोळ्यांनी दिसतो.

तो गप्प. मग एकदम बोलायला लागला. अकरावीला त्याला कॉलेज मिळालं ते शेवटच्या फेरीत. तोवर लॉग टेबल शिकवून झालं होतं. घरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सगळी गणितं सुटायची. प्रिलिमला हॉलमध्ये कॅल्क्युलेटर नाही, समोर फक्त लॉग टेबल, म्हणून न्यूमेरिकल्स सोडून दिली. पेपर मिळाल्यावर घरी सांगितलं, 'फिजिक्स जमत नाही.' बारावीत येऊन बार म्हणजे काय हे विचारायचं कसं, हा प्रश्न. मला त्याचा राग नाही आला. आला तो स्वतःचा. सहा महिने मी फळ्यावर 'लॉग टेबल वापरून' असं म्हणून थेट उत्तर लिहीत आलेय.

नऊ वाजता वर्गमुळं काढायला पाच आकडे पाठवले, एकाहून एक लहान. मोबाइल आईकडे देऊन बस म्हटलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी आईच्याच नंबरवरून वहीचा फोटो आला. चार बरोबर. पाचवा होता ०.००००७. लॉग बार पाच पॉइंट ८४५१. बार पाचचे बार सहा केले, निम्मे बार तीनही केले, पण उसना घेतलेला एक पुढे मिळवायचा विसरला. उत्तर ०.००२६४५. शेजारी त्यानेच त्याचा वर्ग करून बघितला होता, ०.०००००७ आला होता, आणि त्यावर मोठं प्रश्नचिन्ह.

उद्या क्लासला लवकर बोलावलंय. घनमूळ राहिलंय अजून, तिथे एक उसना घेऊन भागत नाही. बार चार असला तर दोन घ्यावे लागतात.