आमची वाटचाल : चौदावं पान आणि पंधरावं पान

बेळगावच्या उद्यमबागेत बाहेरची यंत्रं येतात तेव्हा मॅन्युअल इंग्रजी असतं आणि चालवणारी पोरं खानापूर, निपाणीकडची, मराठी वाचणारी. मूळ फाइल क्वचितच हाती लागते. तेलकट बोटांच्या ठशांसकट पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. आमचं भाषांतराचं काम तिथून सुरू होतं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग पलीकडच्या गल्लीत एकानं पानाला निम्मा दर लावला. फोटो आले की चार पोरांत वाटायचे, एकाला एक पान, संध्याकाळी काम हातात. आमची गिऱ्हाईकं तिकडं वळली, भाडं थकलं, डीटीपीची मुलगी सोडून गेली. ‘तुम्हालाच एवढा वेळ का लागतो?’ हे ऐकलेलं अजून डाचतं.

हायड्रॉलिक प्रेसवाले अण्णा तेव्हाही आमच्याकडं यायचे. एकदा त्यांनी त्या दुकानातून झालेलं काम आणून टेबलावर ठेवलं. “बघा हो, आमचा फिटर म्हणतोय काहीतरी चुकलंय.” चौदाव्या पानाच्या तळाशी छापलं होतं, ‘होजचा नट सैल करा.’ पंधराव्याच्या माथ्यावर, ‘रॅम खाली आणून गेज शून्यावर आल्यानंतरच.’ मूळ वाक्य एकच होतं, पानावर तुटलेलं. इंग्रजीत अनेकदा हुकूम आधी आणि अट मागून येते. मराठीत अट आधी लागते. ज्यानं चौदावं पान केलं त्याला पंधरावं दिसलंच नव्हतं, म्हणून त्यानं वाक्य मिटवून पूर्णविराम दिला. तेवढंच पान मशीनवर चिकटवलं असतं तर दाबाखालचं तेल थेट अंगावर.

तुटलेलं वाक्य मूळ इंग्रजीत ओळखता येतं. शेवटच्या ओळीला पूर्णविराम नसतो आणि पुढचं पान लहान अक्षरानं सुरू होतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, त्यामुळं भाषांतर झाल्यावर ही खूण पुसली जाते. म्हणून आम्ही आधी सगळी पानं क्रमानं लावून सलग इंग्रजी मजकूर टाइप करतो. पानाचा मथळा आणि तळाचा क्रमांक काढतो. मध्ये आकृती किंवा इशाऱ्याची चौकट आली तर ती परिच्छेद संपल्यावर ठेवतो. नाहीतर वाक्याचे दोन तुकडे तिच्या अल्याड-पल्याड पडतात. जिथं पान संपलं तिथं फक्त ‘[पान १४ समाप्त]’ अशी खूण. मग वाक्य पूर्ण वाचून भाषांतर, आणि ते अख्खं वाक्य जिथं सुरू झालं त्याच पानावर. चौदाव्यावर आता असं आहे: ‘रॅम खाली आणून गेज शून्यावर आल्यानंतरच होजचा नट सैल करा.’

अण्णांनी ते पान चार कारखान्यांत दाखवलं, आणि गेलेली कामं परत येऊ लागली. दर आम्ही आजही शब्दावर घेतो, पानावर नाही. पानावर दर लावला की पानाशीच थांबायची सवय लागते.

फोटो काढताना पानाचा क्रमांक अंगठ्याखाली झाकू नका. आणि एकच पान हवं असलं तरी पुढच्या पानाचाही फोटो पाठवा. त्याचे पैसे आम्ही लावत नाही.