टीव्हीच्या मागे दिवा लावला तेव्हा

रात्री सगळे दिवे मालवून टीव्ही बघायची माझी जुनी खोड. तासाभरात डोळे चुरचुरायचे, कपाळ जड व्हायचं. मग मी Brightness ५० वरून २० वर आणलं. झगमगाट होता तसाच राहिला आणि अंधारातली दृश्यं मात्र काळ्या डागात बुडाली. बऱ्याच एलसीडी टीव्हींत या आकड्यानं फक्त काळा रंग किती काळा दिसावा ते ठरतं. पडद्यामागच्या दिव्यांचा जोर Backlight मध्ये असतो. सगळीकडे नावं सारखी नसतात, म्हणून आकडा खाली आणून पाहायचं. पांढरा भाग मंद झाला, तर तीच खरी जागा.

माझं Backlight ९० वर होतं! ते २५ वर आणलं आणि अर्धं दुखणं तिथंच गेलं. हुरूप येऊन ५ वर नेलं, तर डोळे पुन्हा शिणायला लागले. पांढऱ्या पडद्यापुढे पेन्सिल झपाझप हलवली, तेव्हा तिच्या सलग पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या. काही टीव्ही उजेड कमी करायला दिवे भराभर बंद-चालू करतात, त्याची ही खूण. २५ वर हा खेळ बराच कमी होता, म्हणून तिथंच थांबलो.

निळा प्रकाश गाळणारी सोयही चालू केली. माणसं हळद लागल्यासारखी पिवळी दिसू लागली, डोळ्यांना मात्र काही फरक नाही. वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही, असा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी निदान थोड्या काळात तरी डोळ्यांचा शीण कमी होत नसावा, असंच निघालं होतं.

खरा फरक पडला तो मागच्या भिंतीवर उजेड टाकल्यावर. काळोखी खोली आणि लखलखता पडदा यांतली तफावत त्यानं कमी होते. ४३ इंची टीव्हीच्या पाठीवर, कडेपासून पाचेक सेंटिमीटर आत, वरच्या आणि दोन्ही बाजूंना मिळून पावणेदोन मीटर एलईडी पट्टी लागली. रंग ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा घेतला, कारण चित्रातला पांढरा रंग त्याच मापाला धरून ठरवलेला असतो. पिवळट दिवा लावला तर शेजारचं चित्र निळसर भासतं. माझं उलट झालं: ती गाळणी चालूच राहिली होती, त्यामुळे चित्र पिवळं आणि भिंत निळी! गाळणी बंद केल्यावर दोन्ही जुळले.

पहिल्या रात्री पट्टी पूर्ण जोरात लावली आणि नजर सारखी भिंतीकडे जाऊ लागली. पडद्यावरच्या लख्ख पांढऱ्याच्या साधारण १० टक्के उजेड भिंतीवर असावा, असा ठोकताळा आहे. माझ्याकडे मापक नव्हता, म्हणून पडदा पूर्ण पांढरा ठेवून भिंत त्याच्यापुढे अगदी फिकी वाटेपर्यंत पट्टी मंद करत गेलो. आता ती टीव्हीच्याच यूएसबीवर चालते. टीव्ही बंद केला की तीही विझते, आणि मग अंधारात चपला चाचपडत शोधाव्या लागतात.